जाड नमुना कॉन्फोकलवर लख्ख का दिसतो: धुक्याचा हिशेब

प्रश्न: माझ्याकडे मेंदूच्या ऊतीचे 50 मायक्रॉन जाडीचे सेक्शन आहेत, त्यात जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, असलेल्या चेतापेशी. साध्या फ्लोरेसन्स मायक्रोस्कोपवर सगळं हिरवं धुकं दिसतं. तीच स्लाइड कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर लख्ख दिसते, बारीक फांद्यासुद्धा. विचारलं की सगळे म्हणतात, "कॉन्फोकलचं रिझोल्यूशन जास्त." पण दोन्हीकडे लेन्स तर तीच, 63x तेलाची! मग नक्की बदललं काय? आणि पिनहोल अजून बारीक केला तर चित्र अजून स्पष्ट होईल का?

---

रिझोल्यूशन हा शब्द आधी बाजूला ठेवू या, कारण तुमच्या स्लाइडच्या बाबतीत तो फारसा कामाचा नाही. पिनहोल, म्हणजे डिटेक्टरच्या आधीचं बारीक भोक, नेहमीच्या सेटिंगला, म्हणजे एक एअरी युनिट या मापाला असेल, तर कॉन्फोकलचं आडवं रिझोल्यूशन त्याच लेन्सने साध्या मायक्रोस्कोपवर मिळतं त्यापेक्षा जेमतेम थोडंसं उजवं असतं. तेवढ्याने धुकं जात नाही. खरा फरक असा, की साध्या मायक्रोस्कोपवर तुम्ही जवळपास साठ चित्रं एकावर एक ठेवून बघत होता आणि कॉन्फोकलने त्यातली एकोणसाठ काढून टाकली. साठ हा आकडा उगाच घेतलेला नाही, त्याचा हिशेब पुढे येतो.

साध्या फ्लोरेसन्स मायक्रोस्कोपमध्ये दिव्याचा प्रकाश नमुन्याच्या आरपार जातो. तुम्ही फोकस कुठेही केलेला असो, वरच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत सगळ्या 50 मायक्रॉनमधलं जीएफपी एकाच वेळी उजळतं आणि त्या सगळ्याचा प्रकाश लेन्समधून कॅमेऱ्याकडे येतो. फोकसमधल्या थरातला ठिपका कॅमेऱ्यावर ठिपक्यासारखाच उमटतो. दहा मायक्रॉन वरच्या थरातला ठिपका मात्र मोठी पसरट चकती होऊन उमटतो. इथवर बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती पुढच्या पायरीला. आपण समजतो, की फोकसबाहेरचं जसजसं लांब जावं तसतसं फिकट होत जातं, म्हणजे ते जवळपास नाहीसंच होत असणार.

तसं होत नाही. चकती फिकट होते ती त्याच प्रकाशाची वाटणी मोठ्या जागेवर झाल्यामुळे, प्रकाश कमी झाल्यामुळे नव्हे. आणि त्या थरात ठिपका काही एकटा नसतो. त्याच्या शेजारच्या ठिपक्यांच्या चकत्याही पसरून एकमेकींवर येतात. थर सगळीकडे साधारण सारखा रंगलेला असेल, तर तो फोकसमध्ये असो, पाच मायक्रॉन वर असो की वीस मायक्रॉन खाली, कॅमेऱ्यावर त्याची एकूण भर तेवढीच पडते. त्यातला तपशील पुसला जातो, उजेड मात्र शिल्लक राहतो. तुमचं धुकं हेच. लेन्स कितीही उत्तम घेतली तरी ते जात नाही, कारण लेन्समध्ये दोष नाहीच.

आता तो हिशेब. एनए म्हणजे लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचं माप. 63x, 1.4 एनएची तेलाची लेन्स, जीएफपीचा प्रकाश साधारण 520 नॅनोमीटरचा आणि पिनहोल एक एअरी युनिट; अशा वेळी ऑप्टिकल सेक्शनची, म्हणजे एका चित्रात फोकसमध्ये येणाऱ्या थराची, जाडी गणिताने सुमारे 0.85 मायक्रॉन येते. 50 मायक्रॉनमध्ये असे साधारण साठ थर बसतात. समजा, पार्श्वभूमीचा प्रत्येक थर एका पिक्सेलला 60 फोटॉन देतो. फोकसमधल्या थरात एक बारीक फांदी आहे आणि ती आजूबाजूच्या दुप्पट उजळ आहे, म्हणजे तिथे 60 ऐवजी 120 फोटॉन.

साध्या मायक्रोस्कोपवर फांदीच्या शेजारच्या पिक्सेलला साठ थरांचे मिळून 3,600 फोटॉन येतात आणि फांदीवरच्या पिक्सेलला 3,660. फरक 60 चा. फोटॉन मात्र मोजून मापून येत नाहीत. सरासरी 3,600 अपेक्षित असतील, तर प्रत्यक्षात त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण 60 चा चढउतार असतोच. म्हणजे फांदीमुळे पडणारा फरक आणि निव्वळ योगायोगाचा चढउतार दोन्ही सारखेच. फांदी चित्रात आहे, पण तुम्हाला दिसत नाही.

कॉन्फोकलवर बाकीचे एकोणसाठ थर जवळपास गळून जातात. शेजारच्या पिक्सेलला 60 फोटॉन, फांदीवर 120. फरक तोच, 60 चा. चढउतार मात्र आता साधारण 8 ते 11 चा. फरक चढउताराच्या पाच-सहापट झाला आणि फांदी ठसठशीत दिसायला लागली. गंमत बघा, कॉन्फोकलच्या चित्रात एकूण प्रकाश साठपटीने कमी आहे आणि तरी चित्र चांगलं आहे. नवीन काहीही जमा झालेलं नाही. जे नको होतं ते मोजलंच गेलं नाही, एवढंच.

यावर मला नेहमी विचारतात, की मग साध्या चित्रातून पार्श्वभूमी वजा केली तर? संगणकावर 3,500 वजा करायला कितीसा वेळ लागतो! वजा जरूर करता येते आणि चित्र पहिल्या नजरेला गडदही दिसतं. पण वजाबाकीने धुक्याची सरासरी जाते, त्याचा चढउतार जात नाही. 3,600 मधून 3,500 गेले तरी त्या 3,600 फोटॉनांनी आणलेला 60 चा चढउतार चित्रात तसाच राहतो आणि आता तो फांदीइतकाच उठून दिसतो. धुकं डिटेक्टरपर्यंत पोचण्याआधीच अडवायला हवं. पोचल्यावर त्याची किंमत चुकवावीच लागते.

हिशेब मी थोडा सोपा केला आहे, हे कबूल. प्रत्यक्षात ऑप्टिकल सेक्शनची कड चाकूने कापल्यासारखी नसते, लगतच्या थरांचा थोडा प्रकाश येतोच. आणि तुमच्या नमुन्यात सगळे थर सारखे रंगलेले नसतील. जीएफपी मोजक्याच पेशींमध्ये असेल तर धुकं पातळ असतं, सगळ्या पेशींमध्ये असेल तर दाट. कॉन्फोकलचा फायदा नमुन्याच्या जाडीवर अवलंबून असतो आणि तो किती गच्च रंगला आहे यावरही तेवढाच. एकाच जाडीच्या दोन स्लाइडवर हा फायदा अगदी वेगवेगळा दिसू शकतो.

आता हे अडवणं कसं घडतं ते पाहू. कॉन्फोकलमध्ये लेसर नमुन्यात एका बिंदूवर एकवटतो. त्या बिंदूतून निघालेला प्रकाश लेन्समधून परत येतो आणि डिटेक्टरच्या आधी दुसऱ्या एका बिंदूवर पुन्हा एकवटतो. बरोबर त्याच जागी एक बारीक भोक ठेवलेलं असतं, तो पिनहोल. फोकसमधल्या बिंदूचा प्रकाश तिथे भोकाएवढाच होऊन येतो आणि बहुतेक सगळा आत जातो. वरच्या किंवा खालच्या थरातला प्रकाश मात्र भोकाच्या अलीकडे किंवा पलीकडे एकवटतो, त्यामुळे भोकाच्या पातळीवर तो पसरट चकती असतो. चकतीतला भोकावर पडणारा तुकडा तेवढा आत जातो, बाकीचा भोवतालच्या पत्र्यावर आपटतो. लेसरचा बिंदू आणि पिनहोल असे एकमेकांच्या फोकसमध्ये असतात, म्हणून नाव कॉन्फोकल.

किती अडतं, तेही बघा. 1.4 एनएच्या लेन्सच्या प्रकाशाचा शंकू फार रुंद असतो. फोकसपासून पाच मायक्रॉनवर त्याची त्रिज्या सुमारे 12 मायक्रॉन होते. एक एअरी युनिटचा पिनहोल नमुन्याच्या मापात पाहिला तर त्याची त्रिज्या साधारण 0.23 मायक्रॉन. दोन्ही वर्तुळांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढा: पाच मायक्रॉन वरच्या ठिपक्यातून लेन्सपर्यंत आलेल्या अडीच-तीन हजार फोटॉनांपैकी जेमतेम एक पिनहोलमधून जातो. अंतर दुप्पट झालं की एका थराची भर चौपटीने घटते. साध्या मायक्रोस्कोपमध्ये अंतर वाढलं तरी थराची भर घटतच नाही. दोन्ही यंत्रांतला सगळा फरक या एका वाक्यात आहे.

इथे एक गैरसमज जुन्या लोकांतही दिसतो. तो असा, की लेसर एका बिंदूवर एकवटलेला असतो म्हणून बाकीचा नमुना अंधारात राहतो आणि म्हणून चित्र स्वच्छ येतं. नमुना अंधारात राहत नाही. बिंदूवर पोचण्याआधी आणि नंतर तोच लेसर शंकूच्या आकारात वरच्या आणि खालच्या सगळ्या थरांतून जातो. तिथे तो विरळ असतो, पण रुंदही असतो, त्यामुळे प्रत्येक थरात एकूण उजळणं तेवढंच होतं. निवड करतो तो पिनहोल. खात्री करायची असेल तर तुमच्याच स्लाइडवर पाच मिनिटांचा प्रयोग करा. एक चांगली जागा शोधून पिनहोल एक एअरी युनिटवर ठेवून चित्र घ्या. मग बाकी काही न बदलता पिनहोल जास्तीत जास्त उघडा, चित्र पांढरंफट्ट होऊ नये एवढाच डिटेक्टरचा गेन कमी करा आणि पुन्हा घ्या. लेसर तोच, लेन्स तीच, स्कॅनिंग तेच, पण धुक्याचा मोठा भाग परत आलेला दिसेल. नव्याने शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. आकृती काढून समजावण्यापेक्षा हे लवकर पटतं.

जाता जाता, ही कल्पना निघाली तीच मुळी तुमच्यासारख्या अडचणीतून. मार्विन मिन्स्की या संशोधकाला मेंदूच्या ऊतीतल्या चेतापेशींची जोडणी बघायची होती आणि जाड ऊतीत इकडून तिकडून येणाऱ्या प्रकाशाने काही दिसत नव्हतं. त्याने पेटंटसाठी 1957 मध्ये अर्ज केला आणि 1961 मध्ये ते मिळालं. त्याच्या यंत्रात प्रकाशाचा बिंदू जागेवर राहायचा आणि नमुनाच हलायचा. फ्लोरेसन्सने रंगवलेल्या जैविक नमुन्यांवर लेसर स्कॅनिंग कॉन्फोकल आणि साधा मायक्रोस्कोप यांची समोरासमोर तुलना व्हाइट, अ‍ॅमॉस आणि फोर्डहॅम यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यानंतर हे यंत्र जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत झपाट्याने पसरलं. मधली तीस वर्षं मुख्यतः पुरेसा तेजस्वी बिंदू आणि चित्र साठवायला संगणक मिळण्याची वाट पाहण्यात गेली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पिनहोल अजून बारीक करण्याचा. एक एअरी युनिट म्हणजे फोकसमधल्या ठिपक्याच्या प्रतिमेत मधोमध जी उजळ चकती असते, तिच्या व्यासाएवढं भोक. नमुन्याच्या मापात तो व्यास 1.22 × तरंगलांबी ÷ एनए, म्हणजे तुमच्या बाबतीत साधारण 0.45 मायक्रॉन. निर्दोष लेन्समध्ये ठिपक्याचा सुमारे 84 टक्के प्रकाश या चकतीत असतो. पिनहोल तेवढाच ठेवला की कामाचा बहुतेक प्रकाश आत येतो आणि नको असलेला बाहेर राहतो.

समजा, तुम्ही तो अर्ध्या एअरी युनिटवर आणला. सेक्शनची जाडी 0.85 वरून सुमारे 0.6 मायक्रॉनवर येईल. फोकसमधल्या ठिपक्याचा प्रकाशही एक एअरी युनिटच्या तुलनेत साधारण 30 टक्क्यांनी घटेल. नमुना उजळ असेल तर हा सौदा वाईट नाही. अजून पुढे जाऊन पाव एअरी युनिट केलं, तर जाडी 0.52 च्या आसपास येईल, म्हणजे फायदा अगदी नावापुरता. प्रकाश मात्र एक चतुर्थांशच उरेल. वरच्या हिशेबातल्या 60 आणि 120 फोटॉनांच्या जागी ढोबळमानाने 15 आणि 30 येतील. फरक 15 चा, चढउतार चार-पाचचा. फांदी पाच-सहापट ठळक होती ती तीन-चारपटीवर आली. चित्र दाणेदार होतं. मग आपण लेसर वाढवतो आणि नमुना जाळतो. आडव्या रिझोल्यूशनमध्ये 1.4 पटीपर्यंत सुधारणा होते असं जे सांगतात, ते खरं असलं तरी पिनहोल असा जवळपास बंद असतानाचं. तुमच्या ऊतीत एवढे फोटॉन वाया घालवणं परवडत नाही.

उलट दिशेने, तीन एअरी युनिटला सेक्शन सुमारे 2.1 मायक्रॉनचा होतो. पेशीचं शरीर मोजायचं असेल, फांद्या नकोच असतील, तर मी मुद्दाम दोनपर्यंत उघडतो. पण सिग्नल कमी आहे म्हणून सवयीने उघडू नका. आधी दोन किंवा चार वेळा स्कॅन करून सरासरी घ्या.

सेक्शन किती पातळ होईल ते मुख्यतः लेन्सचा एनए ठरवतो, पिनहोल त्यानंतर. 20x, 0.8 एनएच्या कोरड्या लेन्सला एक एअरी युनिटवर साधारण 1.8 मायक्रॉनचा सेक्शन मिळतो. 10x, 0.3 एनएला तो तब्बल 14 मायक्रॉनचा असतो. म्हणजे तुमच्या 50 मायक्रॉनमध्ये साडेतीन थरच! कमी ताकदीच्या लेन्सवर कॉन्फोकल लावून "फारसा फरक पडला नाही" म्हणणारे बरेच भेटतात. बरोबरच आहे, पडणार नाही.

जाड नमुन्यात खरी पंचाईत असते ती खोलीची. तुमची लेन्स तेलाची आहे आणि तेलाचा अपवर्तनांक साधारण 1.518. सेक्शन पाणीदार बफरमध्ये माउंट केला असेल तर तिथला अपवर्तनांक 1.33 च्या आसपास. कव्हरस्लिपच्या लगेच खाली याने बिघडत नाही, पण आत शिरत गेलं की शंकूच्या कडेचे किरण एका खोलीवर एकवटतात आणि मधले दुसऱ्या. बिंदू बिंदू राहत नाही, फराटा होतो. मग पिनहोल आपलं काम इमानाने करतो, पण तुमच्याच विरुद्ध. फोकसमधला प्रकाशही आता पसरून येतो आणि पिनहोलला तो धुक्यासारखाच वाटतो, म्हणून तोही अडवला जातो. दहा-पंधरा मायक्रॉनपासून चित्र मंदावायला लागतं आणि तिसाव्या मायक्रॉनला लेसर दुप्पट करावा लागतो.

मी स्वतः यात एकदा सपशेल फसलो होतो. पेशींची उंची मोजून तक्ता केला, आकडे एकमेकांशी जुळतही होते. नंतर स्टॅक, म्हणजे एकाखाली एक थरांच्या घेतलेल्या चित्रांची चळत, आडवा करून, म्हणजे बाजूने पाहिला, तर प्रत्येक गोल केंद्रक अंड्यासारखं उभट! तेलाच्या लेन्सने पाण्यात बघताना स्टेज 50 मायक्रॉन हलला तरी फोकस प्रत्यक्षात 44 मायक्रॉन किंवा त्याहून कमीच सरकतो. सॉफ्टवेअर मात्र स्टेजचे आकडे लिहून ठेवतं. सगळी उंची तेरा टक्क्यांहून जास्त फुगली होती. तेव्हापासून कोणताही स्टॅक मोजण्याआधी मी तो बाजूने पाहतो. गोल असायला हव्या त्या वस्तू सगळीकडेच उभट दिसल्या, तर दोष पेशीत नाही, तेल आणि पाण्याच्या या बेबनावात आहे.

यावर उपाय दोनच. माउंटिंग माध्यम लेन्सला जुळवून घ्या, किंवा लेन्स माध्यमाला. ग्लिसरॉलमध्ये माउंट केलं असेल तर ग्लिसरॉलची लेन्स, पाण्यात असेल तर पाण्याची. तिचा एनए 1.2 च्या आसपास, म्हणजे कागदावर 1.4 पेक्षा कमी असतो, पण तिसाव्या मायक्रॉनला प्रत्यक्षात तीच सरस ठरते. कव्हरस्लिप 0.17 मिलिमीटरची, म्हणजे 1.5 क्रमांकाची हवी. लेन्सला करेक्शन कॉलर, म्हणजे काचेच्या जाडीप्रमाणे लेन्स जुळवणारी कडी, असेल तर ती नमुन्यावरच, चित्र सर्वांत उजळ होईपर्यंत फिरवून लावा.

खाली मंद दिसलं की दर वेळी दोष प्रकाशाचाच असेल असंही नाही. तुम्ही जीएफपी वाढवण्यासाठी अँटीबॉडी लावली असेल, तर ती ऊतीच्या मध्यापर्यंत पोचलीच नसेल अशी शक्यता आहे. ओळखायची खूण सोपी आहे. बाजूच्या दृश्यात चमक वरून खाली सतत घटत गेली तर कारण प्रकाशाचं. वरून घटत मध्यापर्यंत गेली आणि तळाच्या पृष्ठभागाजवळ पुन्हा वाढली, तर अँटीबॉडी दोन्ही बाजूंनी थोडीच आत शिरली आहे. तिथे लेन्स बदलून उपयोग नाही. अँटीबॉडीत जास्त दिवस ठेवावं लागेल किंवा सेक्शन पातळ कापावे लागतील.

आणखी एका गोष्टीचा हिशेब सुरुवातीलाच करून ठेवा, तो म्हणजे रंग उडण्याचा. वर म्हटलं तसं, लेसर प्रत्येक वेळी सगळ्या जाडीतून जातो. सेक्शन 0.85 मायक्रॉनचा, म्हणून पायरी साधारण त्याच्या निम्मी, 0.4 मायक्रॉन घेतलीत, तर 50 मायक्रॉनला 125 चित्रं होतात. पिनहोल प्रत्येक चित्रात एकाच थराचा प्रकाश घेतो, पण प्रत्येक थर 125 वेळा उजळून निघतो. चार वेळा सरासरी घेतली तर 500 वेळा. शेवटी घेतलेल्या थरांचं जीएफपी त्यांची पाळी येण्याआधीच बरंचसं विझलेलं असू शकतं आणि हे विझणं खोलीच्या मंदपणासारखंच दिसतं. म्हणून स्टॅक संपला की पहिल्या थरावर परत जा, त्याच सेटिंगला एक चित्र घ्या आणि दोन्हींची सरासरी चमक ताडून बघा. पाच-दहा टक्के घट मी चालवून घेतो. तीस टक्के घट असेल तर तो स्टॅक मोजमापाला वापरत नाही. लेसर कमी करा, किंवा 50 च्या ऐवजी ज्या 15 मायक्रॉनमध्ये तुमचा विषय आहे तेवढेच घ्या. नुसती पायरी मोठी करणं हा उपाय शेवटचा, कारण मध्ये निसटलेल्या बारीक फांद्या नंतर जोडता येत नाहीत.

याच्या पलीकडे, पारदर्शक न केलेल्या ऊतीत साधारण शंभर मायक्रॉनच्या पुढे कॉन्फोकलही हात टेकतो. तिथे ऊतच प्रकाश इतका विखुरते, की परत येणारा फोटॉन कुठून निघाला हे पिनहोलला सांगता येत नाही. खोलातून आलेला कामाचा प्रकाश वाट वाकडी झाल्यामुळे अडतो आणि भरकटलेला एखादा नको असलेला फोटॉन आत शिरतो. त्या खोलीला दोन फोटॉनचा मायक्रोस्कोप लागतो. त्यात उजळणंच मुळात फोकसमध्ये होतं, म्हणून पिनहोलची गरज नसते आणि विखुरलेला प्रकाशही मोजता येतो. तुमच्या 50 मायक्रॉनला त्याची गरज नाही.

याची दुसरी बाजूही आहे. काचेवर एका थरात वाढवलेल्या, तीन-चार मायक्रॉन जाडीच्या पेशी घेऊन कुणी कॉन्फोकलवर रांग लावून बसलं असेल, तर मी त्यांना परत पाठवतो. तिथे साठ थर नाहीत, चार-पाचच आहेत. धुकं एवढं पातळ असतं, की चांगल्या कॅमेऱ्याचा साधा मायक्रोस्कोप कमी प्रकाशात, कमी वेळात, तेवढंच किंवा त्याहून चांगलं चित्र देतो. वर डीकन्व्होल्यूशन, म्हणजे पसरलेला प्रकाश गणिताने मूळ जागी परत नेणं, केलं की उरलंसुरलं धुकंही बरंच जागच्या जागी बसतं. तुमच्या 50 मायक्रॉनच्या गच्च सेक्शनवर तेच डीकन्व्होल्यूशन अडखळतं, कारण त्याला 3,600 च्या चढउतारातून 60 शोधायचे असतात. तुमच्या पेशी सेक्शनमध्ये विरळ असतील तर मात्र तेही एकदा करून बघा. कॉन्फोकलची पाळी मिळेपर्यंत कोणती स्लाइड आधी न्यायची, हे त्यावरून ठरवता येईल.